बोर्डावर ४८ हजार, खिशातून सव्वा लाख

आमचा मुलगा ज्या बालवाडीत जायचा ती यूकेजीपर्यंतच होती, त्यामुळे पहिलीसाठी नवी शाळा बघणं भाग होतं. इंदूरमध्ये सत्र एप्रिलला सुरू होतं आणि चांगल्या म्हणवणाऱ्या शाळांचे फॉर्म दिवाळी आटोपली की निघतात. आम्ही राहतो सुदामा नगरला. चौकशी करकरून तीन शाळा उरल्या: एक घराजवळ अन्नपूर्णा रोडच्या बाजूची, एक शहराच्या दुसऱ्या टोकाला बायपासवरची आणि एक राऊच्या दिशेची. नावं देत नाही. तिन्ही सीबीएसईच्या, तिन्हींत शिकवणं ठीकठाक, तिन्हींत ओळखीच्यांची मुलं आहेत. म्हणजे निवड बरीचशी पैशांवर आणि अंतरावर येऊन ठेपली होती.

पहिल्या फेरीत कळलेले आकडे असे. बायपासवाली: वर्षाचे ४८,०००, चार हप्त्यांत. अन्नपूर्णावाली: महिन्याला ४,६००, म्हणजे वर्षाचे ५५,२००. राऊवाली: ७२,०००. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, मग बायपासचीच घ्या की, शाळाही मोठी आहे आणि फीही कमी." यांचंही मत तिकडेच झुकत होतं. मी एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते, त्यामुळे कोणी एकच आकडा सांगितला की माझा हात आपोआप बाकीच्या कलमांकडे जातो. मी म्हटलं, आधी छापील फी-पत्रक हातात येऊ दे.

पत्रक मिळवणं हेच पहिलं काम निघालं. चौकशीच्या खिडकीवर जो कागद देतात तो बहुतेक वेळा रंगीत माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरचा असतो आणि त्यावर फक्त 'ट्यूशन फी' आणि 'ॲडमिशन फी' असते. खाली बारीक अक्षरात 'अदर चार्जेस ॲज ॲप्लिकेबल'. हे 'ॲप्लिकेबल' कुठल्या कागदावर आहे असं विचारलं की बायपासच्या शाळेत उत्तर मिळालं, "मॅडम, वो तो एडमिशन के टाइम बता देंगे." तिथून काही निघेना, तेव्हा मी वेगळा रस्ता धरला. त्या शाळेत आधीपासून मुलं असलेल्या पालकांकडे एप्रिलच्या पावत्या मागितल्या. यांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मुलगी तिथे दुसरीत आहे. त्यांनी त्या वर्षीची आणि आदल्या वर्षीची, अशा दोन्ही एप्रिलच्या पावत्यांचे फोटो पाठवले. शाळेच्या पत्रकापेक्षा पालकाची पावती कितीतरी जास्त बोलते, कारण तिच्यात प्रत्यक्षात घेतलेलं प्रत्येक कलम असतं. एप्रिलचीच मागायची, कारण वर्षातून एकदा लागणारे सगळे चार्ज त्याच महिन्यात लागतात. जुलैच्या पावतीवर फक्त हप्ता दिसतो.

मग कागदावर तीन शाळांचे तीन रकाने आखले आणि प्रत्येक कलमापुढे एक खूण केली: एकदाच द्यायचं, दरवर्षी द्यायचं, की परत मिळणारं. ही खूण केल्याशिवाय बेरीज मारण्यात अर्थ नाही. ॲडमिशन फी एकदाच जाते. कॉशन मनी शाळा सोडताना परत मिळायचा असतो, तेव्हा तो खर्च नव्हे, अडकलेला पैसा. पण 'ॲन्युअल डेव्हलपमेंट चार्ज' हे नाव ऐकून तो प्रवेशाच्या वेळचा एकदाचा चार्ज आहे असं पुष्कळांना वाटतं, आणि तो दर एप्रिलला येतो. बायपासच्या शाळेत तो १४,००० होता. अन्नपूर्णाच्या शाळेत ॲन्युअल चार्ज ९,०००. राऊच्या शाळेत हे कलमच नव्हतं. त्यांचा ७२,००० चा आकडा सगळं धरून होता. मी खिडकीवरच्या बाईंना दोनदा विचारलं, "म्हणजे एप्रिलमध्ये वेगळं काहीच नाही?" त्या म्हणाल्या, वह्या-पुस्तकंसुद्धा याच्यातच. फक्त बस आणि युनिफॉर्म वेगळे.

ॲक्टिव्हिटी फीचं प्रकरण जरा निराळं. बायपासच्या शाळेत ती ९,६००: पोहणं, स्केटिंग, रोबोटिक्स. कागदावर 'ऑप्शनल' लिहिलेलं. मी म्हटलं, पहिलीच्या मुलाला रोबोटिक्स नको, ते वगळा. उत्तर आलं, "ऑप्शनल है मॅडम, पर सब लेते हैं. टाइम-टेबल में ही पीरियड है." ज्याचा तास वेळापत्रकात आहे ते वगळलं तर त्या तासाला पोराने बसायचं कुठे? तेव्हा ऑप्शनल या शब्दावर न जाता वेळापत्रक मागावं. शाळेच्या वेळेत होणारी ॲक्टिव्हिटी सक्तीची धरायची आणि शाळा सुटल्यावर होणारी खरोखर ऐच्छिक. या कसोटीने अन्नपूर्णाच्या शाळेची ४,८०० ची ॲक्टिव्हिटी फीही सक्तीच्याच बाजूला गेली. तिथे निदान कोणी ऑप्शनल म्हणत नव्हतं.

बसवर मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि सगळं पारडं फिरलं तेही तिथेच. बसच्या भाड्याला किलोमीटरचे टप्पे असतात. आमच्या घरापासून बायपासची शाळा नकाशावर जेवढी दिसते त्याहून बसच्या रस्त्याने बरीच लांब पडते, कारण बस आधी आजूबाजूच्या वसाहतींत फिरून मुलं गोळा करते आणि मग मोठ्या रस्त्याला लागते. शाळेचा टप्पा हा बसच्या रस्त्याने मोजलेला असतो, सरळ रेषेत नव्हे. आमचा स्टॉप सगळ्यात वरच्या टप्प्यात बसला: महिन्याला २,७००. आता पुढचा प्रश्न, किती महिने? राऊच्या शाळेत बस १० महिन्यांची, मे आणि जून धरत नाहीत: २,२०० गुणिले १०, म्हणजे २२,०००. बायपासच्या शाळेत पूर्ण १२ महिने: ३२,४००. महिन्याच्या भाड्यात फरक ५०० चा दिसतो, वर्षाचा फरक १०,४०० चा. एकाच बाजूने बस वापरली तर अर्धे पैसे होतील अशी माझी कल्पना होती, तीही फोल ठरली. तिथे एका बाजूचे दोन तृतीयांश घेतात.

अन्नपूर्णाच्या शाळेला बसची गरजच नव्हती. सकाळी हे कामावर जाताना सोडणार, दुपारी व्हॅन. आमच्या गल्लीतून जाणारा व्हॅनवाला महिन्याला १,२०० घेतो आणि वर्षाचे ११ महिने धरतो, म्हणजे १३,२००. व्हॅन ठरवण्याआधी एकदा शाळा सुटताना उभं राहून आत किती मुलं बसवतात ते बघून आले. स्वस्त व्हॅनचं गणित बहुधा जास्त मुलं कोंबण्यावरच चालतं. आमच्या आधी ज्या व्हॅनवाल्याने ९०० सांगितले होते त्याच्या गाडीत दोन मुलं ड्रायव्हरच्या शेजारी एकाच सीटवर होती. ९०० चा नाद तिथेच सुटला.

युनिफॉर्मला 'दोन-तीन हजार' अशी ढोबळ रक्कम धरतात, आणि एका अर्थी ते बरोबरही आहे, पण कुठल्या शाळेचा यावर ते अवलंबून असतं. अन्नपूर्णाच्या शाळेचा शर्ट पांढरा आणि पॅंट साधी गडद निळी. टाय, पट्टा आणि खिशावरचा बिल्ला एवढंच शाळेकडून, बाकी कुठूनही घ्या. आमच्या ओळखीचे एक काका एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये बसतात, त्यांच्याकडून कापड आणून शिवून घेतलं तरी चालेल. दोन जोड, खेळाचा एक, बूट, स्वेटर मिळून ५,४०० झाले. बायपासच्या शाळेचा शर्ट चौकड्याचा, आणि तो चौकडा दुसरीकडे कुठेच मिळत नाही. त्यावर शनिवारचा वेगळा ड्रेस, हाउसचा रंगीत टी-शर्ट (हाउस जुलैत ठरणार, म्हणजे तेव्हा पुन्हा दुकानात) आणि ब्लेझर. एकूण ८,५००. एकाच दुकानातून घेण्याची सक्ती मध्य प्रदेशात शाळेला करता येत नाही, आणि शाळेने तशी ती केलीही नव्हती. पण जो कपडा एकाच दुकानात मिळतो तो दुसरीकडून आणायचा कुठून?

त्या दुकानात मी पॅंट उलटी करून बघितली. खाली पाऊण इंचाची दुमड. सहा-सात वर्षांचं पोर वर्षभरात जितकं वाढतं, त्यात ही पॅंट पुढच्या एप्रिलला उघडून लांब करता येणार नाही, म्हणजे दरवर्षी नवी. शिवून घेतली तर शिंपी दोन-अडीच इंच आत ठेवतो आणि एक वर्ष जास्त निघतं. आणखी एक गोष्ट विचारून घेतली: हा युनिफॉर्म कधीपासून आहे? राज्याच्या नियमांप्रमाणे युनिफॉर्म तीन सत्रांच्या आत बदलता येत नाही. राऊच्या शाळेचा आदल्याच वर्षी बदललेला होता, म्हणजे निदान तो काही काळ टिकेल. बायपासचा पाच वर्षं जुना, म्हणजे केव्हाही बदलू शकतो आणि लहान भावंडासाठी ठेवलेले कपडे बाद.

वह्या-पुस्तकांचं थोडक्यात सांगते. अन्नपूर्णावाली एनसीईआरटी आणि वर दोन खासगी प्रकाशनांची पुस्तकं लावते, वह्या खजुरी बाजारातून आणल्या तर चालतात: ६,२००. बायपासवाली शाळेतूनच संच देते: ८,९००.

आता बेरीज. अन्नपूर्णा: ५५,२०० ट्यूशन, ९,००० ॲन्युअल, ४,८०० ॲक्टिव्हिटी, ६,२०० पुस्तकं, ५,४०० युनिफॉर्म, १३,२०० व्हॅन. एकूण ९३,८००. राऊ: ७२,०००, अधिक बस २२,०००, अधिक युनिफॉर्म ६,८००. एकूण १,००,८००. बायपास: ४८,०००, १४,०००, ९,६००, ८,९००, ८,५०० आणि बस ३२,४००. एकूण १,२१,४००.

जी बोर्डावर सगळ्यात स्वस्त होती ती सगळ्यात महाग निघाली. आणि जी सगळ्यात महाग वाटत होती ती घराजवळच्या शाळेपासून फक्त ७,००० वर आली. ॲडमिशन फी पहिली ते पाचवी अशा पाच वर्षांवर वाटली (बायपास २५,०००, राऊ २०,०००, अन्नपूर्णा १०,०००) तर दरवर्षी अनुक्रमे ५,०००, ४,००० आणि २,००० आणखी धरायचे. बायपास सव्वा लाखाच्या वर गेली. यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "बसचे बारा महिने धरलेस का तू? मे महिन्यात बस कुठे चालते?" मी म्हटलं, चालत नाही, भाडं चालतं.

इथे थांबले असते तरी निवड झाली असती. पण फी एका वर्षाची नसते, आणि त्या सहकाऱ्याच्या दोन पावत्या माझ्याकडे होत्याच. मध्य प्रदेशात खासगी शाळांच्या फीचा कायदा २०१७ चा आहे आणि त्याखालचे नियम २०२० चे. शाळा स्वतःहून वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढ करू शकते. त्यापुढे १५ टक्क्यांपर्यंत जायचं तर जिल्हा समितीची परवानगी लागते, त्याच्याही वर प्रकरण राज्याच्या समितीकडे. २०२४ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. बसचं भाडंही वार्षिक फीचाच भाग धरलं जाऊ लागलं, आणि ज्या शाळांची वार्षिक फी २५,००० च्या आत आहे त्यांना या कायद्यातून सूट मिळाली. आपल्या तिन्ही शाळा २५,००० च्या कितीतरी वर, म्हणून कायदा तिन्हींना लागू.

पावत्यांवर नजर टाकली तर बायपासच्या शाळेची ट्यूशन फी ४४,००० वरून ४८,००० झालेली, म्हणजे ९ टक्क्यांची वाढ. दहाच्या आत, कोणी काही म्हणणार नाही. पण डेव्हलपमेंट चार्ज ११,००० वरून १४,०००. ॲक्टिव्हिटी ८,००० वरून ९,६००. बस महिन्याला २,३०० वरून २,७००, म्हणजे वर्षाला २७,६०० वरून ३२,४००. चारही कलमांची आदल्या वर्षीची बेरीज ९०,६००, नव्या वर्षीची १,०४,०००. वाढ १३,४००. टक्केवारी काढली तर पावणेपंधरा. बस बाजूला ठेवली तरी ६३,००० चे ७१,६०० होतात, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या वर. पालकांना पाठवलेल्या पत्रात मात्र 'फीवाढ ९ टक्के' एवढंच होतं, आणि ट्यूशन फीपुरतं ते खोटंही नव्हतं.

म्हणून टक्केवारी एका कलमाची बघायची नाही, सगळ्या कलमांची बेरीज करून मग काढायची. शाळेत जाऊन मी विचारलं की दहाच्या वरची ही वाढ जिल्हा समितीकडून मंजूर आहे का. खिडकीवरच्या मुलाने आत जाऊन यायला बराच वेळ लावला आणि मग सांगितलं, "अकाउंट्स वाले सर छुट्टी पर हैं." मंजुरी असेलही, मला ती दाखवली नाही एवढंच. प्रवेश घेतलेला असता तर लेखी मागितलं असतं. न घेतलेल्या शाळेशी भांडायला माझ्याकडे वेळ नव्हता.

अन्नपूर्णाच्या शाळेच्या दोन वर्षांच्या पावत्या शेजारच्या काकूंच्या नातवाच्या मिळाल्या. तिथे सगळी कलमं साधारण सहा-सात टक्क्यांनी वाढलेली, एकाच चालीने. राऊच्या शाळेत एकच आकडा असल्यामुळे लपवायला जागाच नाही: वाढली ती साडेआठ टक्के, आणि तेवढीच पत्रात लिहिलेली.

एकाच आकड्याचा एक तोटा मात्र आहे आणि तो पगारदार माणसाला लागतो. यांनी घरकर्जामुळे आयकराची जुनी पद्धत ठेवली आहे. त्यात मुलांच्या ट्यूशन फीची वजावट मिळते, दोन मुलांपर्यंत आणि दीड लाखाच्या एकूण मर्यादेत. पण फक्त ट्यूशन फीची. डेव्हलपमेंट चार्ज, बस, देणगी, यांची नाही. राऊच्या पावतीवर 'कॉम्पोझिट फी' एवढंच असतं, त्यात ट्यूशनचा भाग किती ते ऑफिसला कळणार कसं? विचारलं तर ते मार्चमध्ये कलमवार दाखला देतात म्हणाले, आणि त्यात ट्यूशन ५४,००० च्या आसपास दाखवतात. म्हणजे पूर्ण ७२,००० वजा होतील या आशेवर राहू नये. ज्यांनी नवी पद्धत घेतली आहे त्यांना या परिच्छेदाशी कर्तव्य नाही.

मधल्या काळात नणंदबाईंचा फोन आला. त्यांची दोन्ही मुलं बायपासच्या त्याच शाळेत घालायचा विचार होता, कारण भावंडांना १० टक्के सवलत. मी म्हटलं, "ताई, सवलत कशावर ते विचारा." ती होती दुसऱ्या मुलाच्या ट्यूशन फीवर, म्हणजे वर्षाला ४,८००. बस दोघांचीही पूर्ण, डेव्हलपमेंट दोघांचाही पूर्ण. पण त्या राहतात बिचोलीला, शाळा त्यांना हाकेच्या अंतरावर. बसचे ३२,४०० त्यांच्या हिशेबातून सरळ उडतात आणि एका मुलाचा खर्च ८९,००० वर येतो. त्यांनी तीच शाळा घेतली आणि त्यांच्या जागी मीही तीच घेतली असती. तिथून अन्नपूर्णाच्या शाळेत मूल पाठवायचं तर वाहनाचाच खर्च सगळं खाऊन टाकेल. माझा तक्ता सुदामा नगरचा आहे, तो दुसऱ्या वसाहतीत जसाच्या तसा चालत नाही.

आम्ही अन्नपूर्णाच्या शाळेत फॉर्म भरला. राऊची फक्त ७,००० ने महाग आणि आवार पुष्कळ मोठं, म्हणून मन तिकडेही ओढत होतं. शेवटी बसचा वेळ आड आला: सकाळी पावणेसातला स्टॉपवर, दुपारी तीनला घरी. सहा वर्षांच्या मुलाला तो वेळ घरी मिळावा असं मला वाटलं, यांना तितकंसं वाटलं नाही. यांचं म्हणणं सहावीत पुन्हा बघू असं आहे.

कॉशन मनीचे ५,००० भरताना पावतीवर 'रिफंडेबल' हा शब्द लिहून घेतला आणि टीसीसाठी किती आधी कळवावं लागतं तेही विचारलं. एक महिना लेखी, नाहीतर पुढच्या तिमाहीची फी द्यावी लागते. एप्रिलच्या पावतीवर 'डायरी व आयडी कार्ड, ६५०' असं एक कलम आलं, जे काकूंच्या नातवाच्या पावतीवर नव्हतं. विचारलं तर डायरी या वर्षीपासून नवीन आहे म्हणाले. तक्त्यात एक ओळ वाढवली.